मेसेजिंग अ‍ॅपवरचं दुकान: कॅटलॉग, ऑर्डर, पेमेंट लिंक आणि डिलिव्हरीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरं व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस या मोफत अ‍ॅपला धरून लिहिली आहेत, कारण छोट्या दुकानांत बहुधा तेच असतं. उदाहरणांतले आकडे हिशोब कळावा म्हणून घेतले आहेत, ते कुठले भाव नाहीत.

कॅटलॉगमध्ये ५०० वस्तू बसतात म्हणे. मग सगळं दुकानच टाकून द्यावं का?

बसतात, पण टाकू नका. वस्तू चढवायला एक दिवस पुरतो, ती खरी ठेवायला मात्र रोज वेळ द्यावा लागतो. ५०० वस्तूंपैकी आठवड्यात चाळीसेक वस्तूंचा भाव बदलला, तर ते चाळीस बदल कोणीतरी हाताने करायचे असतात. तिसऱ्या आठवड्यापासून ते होत नाहीत, आणि मग ग्राहक जुना भाव दाखवून भांडतो.

सुरुवातीला ६० ते १०० वस्तू पुरतात. निवड करताना गेल्या महिन्याची बिलं समोर घ्या आणि ज्या वस्तू लोक फोनवर नाव घेऊन मागतात त्याच घ्या. जी वस्तू ग्राहक हातात घेऊन, चार रंग बघून निवडतो, ती कॅटलॉगमध्ये फारशी चालत नाही. तिच्यासाठी गप्पांत दोन फोटो पाठवणं सोपं पडतं. ज्या वस्तूचा भाव रोज हलतो ती भाव न लिहिता टाकता येते. किमतीची जागा रिकामी ठेवली तरी वस्तू दिसते, फक्त कार्टमधली, म्हणजे ग्राहकाने निवडलेल्या वस्तूंच्या यादीतली, बेरीज अपुरी येते, हे लक्षात ठेवा.

वस्तू तीसच्या वर गेल्या की त्यांचे गट करा. अ‍ॅपमध्ये त्याला `Collections` म्हणतात. गट दुकानातल्या फळ्यांप्रमाणे नको, ग्राहकाच्या कामाप्रमाणे असावेत. ‘शाळेचं सामान’, ‘साफसफाई’, ‘दिवे आणि वायर’ हे लगेच कळतं. ‘इतर’ नावाचा गट केलात तर तो कोणी उघडत नाही.

वस्तूचं नाव आणि वर्णन कसं लिहायचं?

नावातच माप आणि प्रकार यायला हवा, कारण कार्टमध्ये वर्णन दिसत नाही. तिथे फक्त नाव, नग आणि किंमत दिसते. ‘वही’ असं नाव असेल तर कार्टमध्ये ‘वही, ६’ एवढंच येतं आणि पुन्हा विचारणं आलं. ‘वही २०० पानी, एकरेघी, मोठी’ लिहिलं की तेवढी एक फेरी वाचते.

दोन मापं असतील तर दोन वेगळ्या वस्तू करा. एकाच वस्तूच्या वर्णनात ‘लहान आणि मोठी दोन्ही मिळेल’ असं लिहिणं हा चुकीच्या ऑर्डरींचा सगळ्यात मोठा उगम आहे.

वस्तू भरताना खाली `Item code` अशी एक जागा असते. बहुतेक जण ती रिकामी सोडतात. तिथे तुमच्या बिलिंगमधला किंवा फळीवरचा कोड टाका, उदाहरणार्थ `VH200E`. सामान काढणारा माणूस नावाने गडबडतो, कोडाने गडबडत नाही.

एका वस्तूला १० फोटो लावता येतात, पण गल्लीतल्या दुकानाला दोन पुरेत: एक समोरून, आणि एक मापाचा किंवा छापील माहितीचा. कंपनीच्या जाहिरातीतला चकचकीत फोटो उचलून लावण्यापेक्षा फळीवरून उतरवलेल्या मालाचा, खिडकीच्या उजेडात काढलेला फोटो बरा. पाकीट बदललं की ‘हे ते नाहीच’ अशी तक्रार येते, ती त्या जाहिरातीच्या फोटोमुळे.

मी वस्तू टाकली, पण ग्राहकाला दिसत नाही. असं का?

नवी किंवा बदललेली वस्तू आधी तपासणीला जाते. ती मंजूर होईपर्यंत तुम्हाला तुमच्या फोनवर दिसते, ग्राहकाला नाही. नाकारली गेली तर त्या वस्तूवर लाल खूण येते. वस्तू उघडून कारण बघा, आणि चूक अ‍ॅपची वाटली तर पुन्हा तपासणी मागा. औषधं, तंबाखू, दारू यांसारख्या वस्तू मुळात चालतच नाहीत, तिथे पुन्हापुन्हा अर्ज करण्यात अर्थ नाही.

म्हणून भाव बदलायचे असतील तर रात्री दुकान बंद करताना बदला. सकाळी गर्दी सुरू झाल्यावर बदललेत, तर मधला काही वेळ कोणाला काय दिसतंय याचा भरवसा नसतो. शिवाय ज्याने आधीच कार्ट पाठवली आहे, त्या संदेशातली रक्कम जुन्याच भावाची राहते.

माल संपला की वस्तू काढून टाकायची का?

काढू नका, लपवा. वस्तूच्या मेनूमध्ये `Hide item` असतं. लपवलेली वस्तू फोटो, कोड, वर्णनासह तशीच राहते आणि माल आला की एका टिचकीत परत दिसते. काढून टाकली तर सगळं नव्याने भरावं लागतं, वर तपासणीही पुन्हा. शिवाय तुम्ही ज्यांना त्या वस्तूची लिंक पाठवली होती, ती मोडते.

यात खरी गोष्ट अशी की या कॅटलॉगला तुमच्याकडे किती नग आहेत हे माहीतच नसतं. शेवटचा बल्ब काउंटरवर विकला गेला, तरी कॅटलॉग पुढच्या दहा जणांना तो दाखवत राहतो. यावर साधा उपाय म्हणजे एक खालची रेघ ठरवणं: दुकानात ३ नग उरले की कॅटलॉगमध्ये वस्तू लपवायची. उरलेले तीन काउंटरसाठी. जास्त खपाच्या वस्तूंना ही रेघ ५ किंवा ८ ठेवा. फळीच्या कडेला त्या आकड्याची चिठ्ठी लावली की सामान काढणाऱ्याला विचारावं लागत नाही.

कार्ट आली म्हणजे ऑर्डर झाली ना?

नाही. निम्म्या भानगडी या एका गैरसमजातून होतात. कार्ट म्हणजे ग्राहकाने पाठवलेली यादी. तीत पत्ता नसतो, वेळ नसते, डिलिव्हरीचं शुल्क नसतं, आणि माल आहे की नाही हेही तिला ठाऊक नसतं. पाठवल्यावर ग्राहकाला ती बदलताही येत नाही. विसरलेली वस्तू तो खाली वेगळ्या संदेशात लिहितो किंवा दुसरी कार्टच पाठवतो.

एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. सकाळी ११ वाजता कार्ट आली: वही २०० पानी ६ नग, प्रत्येकी ४०, ९ वॅटचा बल्ब २ नग, प्रत्येकी ११०, धुण्याची पावडर १ पाकीट, १८५. कार्टची बेरीज ६४५. पाच मिनिटांनी खाली संदेश: ‘आणि एक खोडरबर’.

इथे लगेच लिंक पाठवायची नाही. आधी फळीकडे जायचं आणि चारही वस्तू बाजूला काढायच्या, नुसतं ‘आहे’ म्हणून परत यायचं नाही. बघितलं तर बल्ब एकच आहे. खोडरबर ५ चं आहे. डिलिव्हरीचे २० लागतात. म्हणजे २४० अधिक ११० अधिक १८५ अधिक ५ अधिक २०, एकूण ५६०. आता ग्राहकाला हा संदेश:

‘ऑर्डर १४०७-०६
वही २०० पानी × ६ = २४०
बल्ब ९ वॅट × १ = ११० (दुसरा आज नाही)
धुण्याची पावडर × १ = १८५
खोडरबर × १ = ५
डिलिव्हरी २०
एकूण ५६०
आज संध्याकाळी ५ ते ७. पत्ता मागचाच ना? एका बल्बसह चालेल का? “हो” लिहा, मग लिंक पाठवतो.’

ग्राहकाचं ‘हो’ आलं की ऑर्डर झाली, त्याआधी नाही. त्याने अंगठा दाखवला तर चालतं, पण पत्ता बदलला असण्याची शक्यता असेल तिथे लिहूनच घ्या.

घाईत कार्टच्या बेरजेवर ६४५ ची लिंक पाठवली असती तर काय झालं असतं? ग्राहकाने ती भरली असती आणि मग ८५ परत करायचे. पेमेंट गेटवे म्हणजे लिंकवर भरलेले पैसे तुमच्या खात्यात आणून देणारी सेवा. बऱ्याच गेटवेंमध्ये परतावा दिला तरी पहिल्या व्यवहाराचं शुल्क परत मिळत नाही. परतावा ग्राहकाच्या खात्यात पोचायला दिवस जातात, आणि तेवढे दिवस तो तुम्हाला रोज विचारत राहतो. हे सगळं फळीकडे जाऊन बघण्याच्या दोन मिनिटांत वाचतं.

ऑर्डरला नंबर द्यायलाच हवा का? ग्राहकाच्या नावाने लक्षात राहतं की.

दिवसाला चार ऑर्डरी असतील तर राहतं. दहाच्या पुढे गेल्यावर एकाच आडनावाची दोन घरं निघतात, किंवा एकाच घरातून नवरा-बायकोच्या दोन वेगळ्या नंबरांवरून दोन ऑर्डरी येतात.

नंबर कार्टला द्यायचा नाही, पक्क्या होणाऱ्या यादीला द्यायचा, म्हणजे वरच्या संदेशाच्या पहिल्या ओळीत. तारीख, महिना आणि त्या दिवसाचा अनुक्रम एवढं पुरतं. १४ जुलैची सहावी ऑर्डर म्हणून `1407-06`. हाच नंबर पुढे पेमेंट लिंकच्या संदर्भात, पिशवीवरच्या चिठ्ठीवर आणि वहीतल्या किंवा एक्सेलसारख्या शीटमधल्या ओळीत जातो. चारही ठिकाणी तोच, तसाच. पैसे आले पण कोणाचे कळत नाही, पिशवी आहे पण कोणाची कळत नाही, हे प्रश्न त्यानंतर उरत नाहीत. रद्द झालेल्या ऑर्डरीचा नंबर मात्र दुसऱ्याला देऊ नका, तो वाया जाऊ द्या.

ग्राहक कार्ट वापरत नाहीत. कोणी बोलून पाठवतं, कोणी कागदावरच्या यादीचा फोटो.

पाठवू द्या. ज्यांना कार्ट जमते ते वापरतील, बाकीच्यांना शिकवत बसण्यात दुकानाचा वेळ जातो. फक्त एक नियम पाळा: ऑर्डर कशीही आली तरी तुमच्याकडून जाणारी पक्की यादी वरच्याच साच्यात, लिहिलेली. बोललेल्या संदेशात ‘ते नेहमीचं मोठं’ असं असतं, त्याचा अर्थ तुम्ही लावला आहे. तो लावलेला अर्थ ग्राहकाच्या डोळ्यांसमोर यायला हवा.

हे रोज टाइप करायचं नसेल तर `Quick replies` वापरा. त्यात ५० उत्तरं साठवता येतात. `/` टाइप केलं की यादी उघडते. `/pakki` वर रिकामा साचा, `/link` वर लिंकसोबतचा मजकूर, `/nighali` वर ‘सामान निघालं’. सहा-सात पुरतात. वीस केलीत की कुठलं कशाचं हे आठवण्यातच वेळ जातो.

पेमेंट लिंक कशी बनवायची आणि तीत काय भरायचं?

लिंक पेमेंट गेटवेच्या अ‍ॅपमधून किंवा डॅशबोर्डवरून बनते, गप्पांच्या अ‍ॅपमध्ये ती नुसती चिकटवायची. नीट भरायच्या जागा मोजून चार आहेत.

रक्कम पक्क्या यादीतली, म्हणजे ५६०. संदर्भ क्रमांक ऑर्डरचाच, `1407-06`. बहुतेक गेटवे एकच संदर्भ दोन चालू लिंकांना देऊ देत नाहीत. हा अडथळा वाटतो, पण त्यामुळेच चुकून दुसरी लिंक बनत नाही. तिसरी जागा मुदत. डिलिव्हरी ५ ला निघणार असेल तर लिंकची मुदत ४ ला संपवा. मुदत न घातलेली लिंक पंधरा दिवसांनी कोणीतरी वर सरकवत जाऊन भरतं, आणि तोवर ती ऑर्डर रद्द झालेली असते. चौथं, थोडे थोडे पैसे भरण्याची सोय बंद ठेवा. ती चालू राहिली तर ग्राहक ३०० भरतो, स्थिती ‘काही अंशी’ अशी दिसते आणि पिशवी द्यायची की नाही यावर काउंटरवर चर्चा सुरू होते.

लिंक एकटी पाठवू नका. अनोळखी दिसणाऱ्या लिंकवर टिचकी मारायला लोक घाबरतात, आणि ते बरोबरच आहे. वर एक ओळ असू द्या: ‘ऑर्डर १४०७-०६, एकूण ५६०, लिंक आज ४ पर्यंत चालेल. उघडल्यावर दुकानाचं नाव आणि हीच रक्कम दिसली तरच भरा.’ गेटवेत नोंदवलेलं नाव आणि दुकानाच्या पाटीवरचं नाव वेगळं असेल तर तेही या ओळीत लिहा. नाहीतर ‘हे कोणाच्या नावावर जातंय?’ असा फोन येतोच.

लिंक कशाला, काउंटरवरच्या क्यूआर कोडचा फोटो पाठवला तर?

चालेल, आणि ओळखीच्या चार ग्राहकांना तेच सोपं पडतं. पण त्या कोडात ना रक्कम असते ना ऑर्डरचा नंबर. ५६० ऐवजी ५५० आले, किंवा दुपारी तीन जणांचे २४० एकाच वेळी आले, तर कोणाचे कुठले हे तुम्ही शोधत बसता. दिवसाला पाच-सहा घरपोच ऑर्डरी असतील तोवर कोड पुरतो. पुढे लिंकेचं शुल्क द्यावं लागलं तरी संध्याकाळचा हिशोब जुळवायचा वेळ वाचतो.

ग्राहकाने पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट पाठवला. माल सोडायचा?

स्क्रीनशॉट बघून माल सोडायचा नाही. खोटा स्क्रीनशॉट बनवून देणारी अ‍ॅप्सही आहेत, आणि खरा असला तरी तो कालचा असू शकतो. बघायचं ते आपल्या बाजूला: गेटवेच्या डॅशबोर्डवर `1407-06` समोर `Paid` आलंय का. थेट खात्यात घेत असाल तर बँकेच्या अ‍ॅपमधली जमा नोंद. नुसता एसएमएसही पुरावा धरू नका. तो कोणत्याही नंबरवरून बँकेच्या भाषेत लिहिता येतो.

ग्राहकावर संशय घेतल्यासारखं वाटू नये म्हणून उत्तर आधीच ठरवून ठेवा: ‘मिळालं, आमच्याकडे नोंद आली की लगेच कळवतो.’ हे सगळ्यांना सारखंच पाठवलं की कोणाला टोचत नाही.

ग्राहक म्हणतो खात्यातून पैसे गेले, आमच्याकडे काही दिसत नाही. काय करायचं?

पैसे मधे अडकले आहेत. ग्राहकाच्या बँकेने रक्कम काढली, पण होकार गेटवेपर्यंत पोचला नाही. अशा वेळी बहुधा थोड्या वेळाने व्यवहार पूर्ण होतो, नाहीतर रक्कम ग्राहकाकडे परत जाते. पण किती वेळ लागेल हे तुमच्या हातात नसतं.

इथे सगळे जण एकच चूक करतात: घाईने दुसरी लिंक पाठवतात. ग्राहक ती भरतो, मग पहिलीही पूर्ण होते, आणि ५६० दोनदा येतात. आधी डॅशबोर्डवर पहिल्या लिंकची स्थिती बघा. ‘चालू’ असेल तर अर्धा तास थांबा. ग्राहकाकडून व्यवहार क्रमांक मागून घ्या, फोटो नको, क्रमांक हवा. गेटवेच्या मदत विभागाला तोच लागतो. तरी हललं नाही तर पहिली लिंक हाताने रद्द करा आणि मगच दुसरी बनवा, संदर्भ `1407-06-2` असा. घाईचं सामान असेल तर ग्राहकाला रोखीचा पर्याय द्या. नंतर अडकलेले पैसे आलेच तर परतावा करायचा, हेही त्याला तेव्हाच सांगा.

परतावा नेहमी गेटवेतूनच, त्याच व्यवहारावर करा. स्वतःच्या खात्यातून वेगळे पाठवले तर मूळ व्यवहार कागदावर तसाच उभा राहतो, आणि तोच परतावा दुसऱ्या कोणीतरी पुन्हा करतो.

डिलिव्हरीचा माग कसा ठेवायचा? लेबलं पुरतात का?

अ‍ॅपमध्ये २० लेबलं बनवता येतात, आणि नवी ऑर्डर, पैसे बाकी, पैसे आले, ऑर्डर पूर्ण अशी काही तयारच असतात. ती उपयोगी आहेत, पण लेबल बहुधा माणसाच्या गप्पांना लावलं जातं, ऑर्डरीला नाही. एकाच ग्राहकाची कालची ऑर्डर पूर्ण आणि आजची बाकी असेल तर लेबल कुठलं लावणार? शिवाय जुनं लेबल काढायला माणूस विसरतो आणि एकाच गप्पांवर तीन रंग दिसू लागतात.

म्हणून लेबलं नजर टाकण्यापुरती, आणि खरा माग एका शीटमध्ये. ए ते जी असे सात स्तंभ पुरतात: ऑर्डर नंबर, नाव, भाग, रक्कम, निघायची वेळ, पैसे, सामान. पैशाच्या स्तंभात तीनच शब्द चालतील: बाकी, आले, रोख. सामानाच्या स्तंभात चार: काढायचं, बांधलं, गेलं, पोचलं. हे शब्द यादीतून निवडायची सोय लावा. कोणी ‘गेलं’, कोणी ‘गेले’ लिहिलं की मोजणी चुकते, आणि ती चुकली आहे हे कळतही नाही.

मग एका कोपऱ्यात हे सूत्र टाका. पैसे आले नाहीत तरी सामान निघून गेलंय, अशा ऑर्डरी ते मोजतं:

```
=COUNTIFS(F:F,"बाकी",G:G,"गेलं")
```

हा आकडा शून्य असायला हवा. रोखीच्या ऑर्डरी ‘रोख’ म्हणून वेगळ्या आहेत, म्हणून त्या यात येत नाहीत. शून्याच्या वर काहीही दिसलं तर डिलिव्हरीवाला अजून वाटेत असेल तोवर फोन करा. नंतर तो पैसा उधारीत जातो.

शीट नको असेल तर वहीत हेच स्तंभ आखले तरी चालतात. दिवसाला पंधरा ऑर्डरींपर्यंत वहीच जास्त वेगाने चालते.

पिशवी घेऊन जाणाऱ्याला नेमकं काय द्यायचं?

पिशवीवर चिठ्ठी: ऑर्डर नंबर, नाव, पत्त्यातली ओळखायची खूण, पिशव्या किती (‘२ पैकी १’) आणि पैसे. पैशांसमोर एकतर ‘आले’, नाहीतर घ्यायची रक्कम. ही जागा कधीच रिकामी सोडू नका, कारण ती रिकामी असली की मुलगा दारात विचारतो, ‘पैसे दिलेत का?’ आणि पैसे भरलेला ग्राहक चिडतो.

पत्ता लिहून आला असला तरी नव्या ग्राहकाकडून लोकेशन मागा, पण ‘आत्ता तुम्ही जिथे आहात तिथलं नको, घराचं’ हे सांगा. कामाच्या ठिकाणी बसून ऑर्डर देणारे लोक ऑफिसचं लोकेशन पाठवतात. डिलिव्हरीवाल्याला स्वतःचं चालू लोकेशन १५ मिनिटं, १ तास किंवा ८ तासांसाठी दाखवता येतं. ते दुकानाला दाखवायला लावा, ग्राहकाला नको. ग्राहक नकाशावर टिंब थांबलेलं बघतो आणि दर दोन मिनिटांनी विचारतो.

सामान पोचल्यावर डिलिव्हरीवाल्याने दुकानाच्या माणसांच्या ग्रुपवर फक्त ‘१४०७-०६ पोचलं’ लिहायचं. घर बंद असेल तर शेजारी ठेवायचं की परत आणायचं हे ग्राहकाला विचारूनच. आणि ते उत्तर फोनवर आलं तरी गप्पांत एक ओळ लिहून घ्यायची: ‘तुम्ही सांगितल्याप्रमाणे समोरच्या घरी दिलं, ६.१०.’

दुकानात तिघं जण एकच नंबर सांभाळतात. गोंधळ होतो.

मुख्य फोनशिवाय आणखी ४ उपकरणं जोडता येतात, तेव्हा प्रत्येकाने तोच फोन हातात घेण्याची गरज नाही. गोंधळ उपकरणांचा नसतोच, एकाच ऑर्डरीला दोघांनी उत्तर देण्याचा असतो. पक्की यादी पाठवणारा एकच माणूस ठरवा. बाकीच्यांनी फक्त ‘बघतो, कळवतो’ एवढंच लिहायचं. आणि एखादा संदेश वाचून काम बाकी राहिलं असेल तर ती गप्पा न वाचलेली म्हणून खूण करून ठेवायची. निळ्या खुणा उमटल्या आणि उत्तर आलं नाही, तर ग्राहक दुसऱ्या दुकानाकडे वळतो.

नव्या मालाची खबर सगळ्यांना एकदम पाठवता येते का?

ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये साठवला आहे त्यांनाच संदेश पोचतो. म्हणून पहिल्या ऑर्डरीलाच ‘हा नंबर सेव्ह करा’ म्हणावं. महिन्यातून दोनदा पुरे. रोज पाठवलंत तर लोक नंबर ब्लॉक करतात, आणि अनेकांनी ब्लॉक केलेल्या किंवा तक्रार केलेल्या नंबरावर अ‍ॅपकडून बंदी येऊ शकते. दुकानाचा नंबर बंद पडण्यापेक्षा चार ग्राहकांना खबर कमी गेलेली परवडते.

फोन हरवला किंवा बिघडला तर ऑर्डरी जातात का?

कॅटलॉग खात्याशी जोडलेला असतो, त्यामुळे त्याच नंबरने नव्या फोनवर परत येतो. गप्पा मात्र शेवटच्या बॅकअपपर्यंतच. बॅकअप रोज रात्रीचा लावा आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा आकडी पिन चालू करा. तो पिन मालकाला आणि आणखी एकाला माहीत असू द्या. गायब होणारे संदेश ही सोय दुकानाच्या नंबरावर बंदच ठेवा, नाहीतर पक्की यादी पुरावा म्हणून लागते तेव्हाच नाहीशी झालेली असते. आणि फोन दुरुस्तीत असताना आजच्या बाकी ऑर्डरी कळायच्या असतील, तर त्या शीटमध्ये किंवा वहीत सापडतील.